धागा: कॅस्केड फिल्टरमध्ये ओव्हरफ्लो टाळला तर खरखर वाढते. q15, दोन बायक्वाड

तेजस_परसोडी

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं-तिघं मिळून डिजिटल स्टेथोस्कोप करतोय. माईकचा आवाज ८००० सॅम्पल प्रति सेकंदाने येतो आणि १००० हर्ट्झच्या वरचं सगळं कापायचंय. प्रोसेसरला फ्लोटिंग पॉइंट नाही, म्हणून सीएमएसआयएसचं `arm_biquad_cascade_df1_q15` वापरतो. फिल्टर चौथ्या ऑर्डरचा चेबिशेव्ह, एक डेसिबल रिपल.

पहिल्या खेपेला गुणांक मी एक्सेल शीटमध्ये काढले होते आणि जास्त क्यूचा सेक्शन आधी ठेवला होता. अर्ध्या पातळीचा साइन स्वीप दिला की साधारण साडेसातशे ते साडेअकराशे हर्ट्झमध्ये आवाज चिरकायचा, बाकी सगळीकडे स्वच्छ. मग इनपुट दोन बिट उजवीकडे सरकवला आणि शेवटी दोन बिट डावीकडे. चिरकणं गेलं, पण शांत खोलीत खरखर आली.

दुसऱ्या खेपेला सरळ पायथॉनकडून गुणांक घेतले:

```python
sos = signal.cheby1(4, 1, 1000, fs=8000, output='sos')
# b: 0.00424 0.00848 0.00424   a: 1 -1.4349 0.5794
# b: 1       2       1         a: 1 -1.2931 0.8201
```

b मध्ये २ आहे म्हणून `postShift = 2` करावं लागलं. आता चिरकणं अजिबात नाही, पण खरखर आधीपेक्षाही जास्त. धंतोलीतल्या ज्या डॉक्टरांना ऐकवलं ते म्हणाले, "फुफ्फुसाचा आवाज आहे की पंख्याचा?" ओव्हरफ्लो आणि नॉइज, दोन्ही एकदम कसे सांभाळायचे?

भाऊ_फर्मवेअर

काऊन येवढं डोकं लावून राहिला बे? पूर्ण फिल्टरचा गेन कुठंच एकच्या वर नाही ना? मग मधल्या सेक्शनले ओव्हरफ्लो झाला तरी फिकीर नको. टूज काँप्लिमेंटमध्ये बेरीज फिरून परत जागेवर येते, शेवटचं उत्तर बसलं म्हणजे झालं. सॅच्युरेशन बंद कर, शिफ्ट काढून टाक, काम खलास.

चिंचभवनकर

भाऊ, तुमचं म्हणणं एका जागी बरोबर आहे, पण तेजसची जागा ती नाही. एकाच सेक्शनमध्ये पाच गुणाकारांची बेरीज चालू असताना ॲक्युम्युलेटर मध्येच पलटला आणि शेवटची बेरीज मर्यादेत आली, तर उत्तर बरोबरच येतं. पण सेक्शनचं आउटपुट जेव्हा सोळा बिटांत लिहिलं जातं तेव्हा ती संख्या खरोखर मर्यादेत असावी लागते. पुढच्या सेक्शनला तीच संख्या मिळते, आणि हा सेक्शन पुढची दोन सॅम्पल तीच परत वापरतो. तिथे पलटलेली संख्या पुढचं कोणतंही गणित दुरुस्त करत नाही. शिवाय q15 चं हे साधं फंक्शन लिहिताना सॅच्युरेट करतं, ते बंद करायची सोय त्यात नाहीच.

तेजस, तुझ्या फिल्टरमधले दोन सेक्शन अगदी वेगळ्या स्वभावाचे आहेत. एकाचा क्यू ०.७८ आहे, त्याला मंद म्हणू. दुसऱ्याचा ३.५६, तो तिखट. दोघांचा डीसी गेन एक ठेवला तर मंदचा सर्वोच्च गेन जेमतेम १.०२ येतो आणि तिखटचा ३.६, तोही ९७६ हर्ट्झला. एकत्र केल्यावर मंद सेक्शन त्या जागी खाली दाबतो म्हणून एकूण गेन सपाट दिसतो. तू तिखट आधी ठेवलास, तेव्हा दाबणारा अजून आलेलाच नव्हता. अर्ध्या पातळीच्या साइनला त्याचा गेन दोनच्या वर गेला की ओव्हरफ्लो, आणि तो दोनच्या वर जातो नेमका ७५० ते ११५० च्या पट्ट्यात. तुझ्या कानाने बरोबर तेवढंच पकडलं.

दुसऱ्या खेपेच्या खरखरीचं कारण मात्र वेगळं आहे. पायथॉनने छापलेला सगळा गेन पहिल्या ओळीत बसलाय. ०.००४२४ कडे बघ, आणि दुसऱ्या ओळीत १, २, १. सायपाय असंच करतं, पूर्ण गेन पहिल्या सेक्शनच्या b मध्ये कोंबतं. फ्लोटिंग पॉइंटमध्ये त्याने काही बिघडत नाही. तुझ्याकडे मात्र पहिल्या सेक्शनच्या आउटपुटला सिग्नल पूर्ण पातळीच्या जेमतेम आठव्या भागाइतका उरतो, आणि मग दुसरा सेक्शन त्याला साडेसात पटीने वर उचलतो. उचलताना पहिल्याची खरखरही उचलली जाते.

रसिका_ध

एक शंका. पहिल्या सेक्शनमध्ये राउंडिंगचा जो कचरा पडतो तो दुसरा सेक्शन गाळणार नाही का? तोही लो-पासच आहे ना?

चिंचभवनकर

रसिकाताई, सगळी मेख तिथेच आहे. या रचनेत प्रत्येक सेक्शनमध्ये कापाकापी एकदाच होते, लांब ॲक्युम्युलेटरमधून सोळा बिटांत लिहिताना. ती चूक त्या सेक्शनच्या b मधून जात नाही, कारण b इनपुटला लागतात. पण लिहिलेली संख्या फीडबॅकमध्ये जाते, त्यामुळे चूक त्याच्या a मधून पुन्हा पुन्हा फिरते. म्हणजे प्रत्येक सेक्शनची चूक आधी स्वतःच्या `1/A(z)` मधून जाते आणि मग पुढचे सगळे सेक्शन पार करते.

मंद सेक्शनच्या `1/A` ची ताकद बघा. त्याच्या इम्पल्स रिस्पॉन्सच्या वर्गांची बेरीज ८.६ येते. तिखटची येते ६.२. म्हणजे ज्याला आपण गरीब समजतो तोच जास्त नॉइज वाढवतो! कारण त्याचे पोल z = 1 च्या बाजूला आहेत, कमी फ्रिक्वेन्सीला. नुसता क्यू बघून हे कळत नाही.

आणि हा नॉइज कमी फ्रिक्वेन्सीलाच जमा होतो, १००० हर्ट्झच्या आत. दुसरा लो-पास त्याला गाळत नाही, आदराने पुढे सोडतो. तेजसला जो आवाज ऐकायचा आहे त्याच पट्ट्यात ही खरखर येऊन बसते.

तेजस_परसोडी

सर, म्हणजे प्रत्येक सेक्शनच्या आउटपुटला किती नॉइज आणि शेवटी किती, हे हाताने काढता येईल?

चिंचभवनकर

येतं. एकक असं धरू: एका राउंडिंगचा पॉवर म्हणजे एलएसबीचा वर्ग भागिले १२. खालचे आकडे त्याच्या पटीत आहेत.

सायपायने दिलेली मांडणी, मंद आधी. पहिल्या सेक्शनच्या आउटपुटला नॉइज ८.६. तो दुसऱ्यातून (१, २, १ वाल्या) बाहेर पडेपर्यंत सुमारे ९५५ होतो. दुसऱ्याचा स्वतःचा ६.२. बेरीज ९६१, म्हणजे आरएमएस जवळपास ९ एलएसबी. बघ, दुसऱ्या सेक्शनचा वाटा त्यात नगण्य आहे.

आता क्रम तोच ठेव, फक्त गेन वाटून दे. मंदचा सर्वोच्च गेन बरोबर एक होईल एवढे त्याचे b ठेव, आणि उरलेला गेन तिखटच्या b मध्ये टाक. पहिल्याच्या आउटपुटला नॉइज तेवढाच, ८.६. दुसऱ्यातून जाऊन तो १३.६ होतो. दुसऱ्याचे ६.२ मिळवले की १९.८, आरएमएस १.३ एलएसबी. सतरा डेसिबलचा फरक पडला, म्हणजे जवळपास तीन बिट, आणि एकही गुणाकार वाढला नाही.

b आता दोनच्या खूप खाली आहेत, त्यामुळे `postShift` एक पुरे. सीएमएसआयएसमध्ये a ची चिन्हं उलटी असतात आणि b0 नंतर एक शून्य लागतं, हे लक्षात ठेवून:

```c
/* postShift = 1 */
static q15_t c[12] = {
   581, 0, 1163,  581, 23509,  -9493,
  1958, 0, 3917, 1958, 21187, -13436
};
```

आधीच्या खेपेत ०.००४२४ हा गुणांक `postShift = 2` मुळे नुसता ३५ उरला होता, म्हणजे त्यातच पाऊण टक्क्याची चूक. तीही आता गेली.

भाऊ_फर्मवेअर

सर, सॅच्युरेशनचं मानलं. पण पोट्ट्याच्या पहिल्या खेपेतही त्यानं शिफ्ट लावला होता, चार पटीनं खाली अन् चार पटीनं वर. हिशोब तर बरोबरच झाला. मग तिथं काऊन खरखर?

चिंचभवनकर

कारण वर आणलं ते सगळ्यात शेवटी. सिग्नल इनपुटलाच चौथा हिस्सा झाला आणि तसाच दोन्ही सेक्शनमधून गेला. दोघांचाही नॉइज पूर्ण पडला आणि शेवटच्या डाव्या शिफ्टने दोन्ही नॉइज चौपट केले, पॉवरमध्ये सोळापट. त्या मांडणीत बेरीज १५४ च्या आसपास येते, आरएमएस ३.६ एलएसबी.

आता तिखट आधीच ठेवायचा असं समजू. त्याच्या b ला चारने भागा आणि लगेच मंदच्या b ला चारने गुणा. पहिल्याची खरखर वर उचलली जाईल, पण दुसऱ्याची नाही, कारण ती उचलल्यानंतर पडते. बेरीज २४.५, आरएमएस १.४. सरळ आठ डेसिबल वाचले. जिथे सिग्नल फुगणार असेल त्याच सेक्शनच्या तोंडाशी त्याला बसवा, आणि पुढच्याच सेक्शनमध्ये परत भरून काढा. शेवटपर्यंत थांबू नका.

रसिका_ध

मग २४.५ आणि १९.८ मध्ये एक डेसिबलसुद्धा फरक नाही. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं की कमी क्यूचा सेक्शन नेहमी आधी. एवढ्याशा फरकासाठी नियम कशाला?

चिंचभवनकर

"नेहमी" हा शब्द खोडा. जॅक्सनच्या १९७० च्या पेपरपासून हेच दिसतंय की चांगला क्रम कुठला, हे तुम्ही स्केलिंग कोणत्या मापाने करता आणि नॉइज कोणत्या मापाने मोजता यावर अवलंबून असतं.

वर मी स्केलिंग साइनच्या सर्वोच्च गेनवर केलं. पण इनपुट साइनच असेल असं कुठे आहे? तिखटच्या इम्पल्स रिस्पॉन्सच्या निरपेक्ष किमतींची बेरीज ४.६ येते. म्हणजे अगदी दुष्ट इनपुट आला तर तिखटचा आउटपुट ३.६ पट नाही, ४.६ पट होऊ शकतो, आणि चारने भागणं कमी पडतं. दुष्ट इनपुट म्हणजे काही पुस्तकी प्रकार नव्हे. स्टेथोस्कोपचं डोकं शर्टावर घासलं की माईकचा ॲम्प्लिफायर दोन्हीकडून कापतो आणि सिग्नल चौकोनी होतो. ९७६ हर्ट्झच्या जवळपास चौकोनी लाट आली तर तिचा मूळ घटकच पूर्ण पातळीच्या १.२७ पट असतो. गुणिले ३.६ केलं की ४.५८, जवळपास कमाल मर्यादाच.

म्हणून तिखट आधी ठेवायचा हट्टच असेल तर चारऐवजी ४.७ ने भागा. भागाकार b मध्येच मुरतो, शिफ्ट नसतो, त्यामुळे दोनाच्या घाताची सक्ती नाही. किंमत एक डेसिबलच्याही आत. तेच आठने भागलंत तर पावणेपाच डेसिबल जातात. आठ हा आकडा लोक शिफ्टच्या सवयीने घेतात, गरज म्हणून नाही.

मंद आधी ठेवला तर हा प्रश्न मधल्या सांध्यात जवळजवळ उरतच नाही. तिखटचा आउटपुट हाच शेवटचा आउटपुट असतो. तिथे क्वचित सॅच्युरेट झालं तर ते स्पीकरलाही झालंच असतं. तुझ्या स्टेथोस्कोपला मी मंद आधीच देईन.

कळमना_काटा

सर, विषय निघालाच आहे तर माझंही बघा. कळमन्याला संत्र्याच्या ग्रेडिंग लाइनवर लोडसेल आहे, १००० सॅम्पल, ५ हर्ट्झचा बायक्वाड, हाच q15 वाला. ट्रे रिकामा झाला तरी आकडा शून्यावर येत नाही, कधी खालीच अडकतो. माझाही ओव्हरफ्लोच आहे काय? इनपुट आठने भागून बघितला तर अजूनच बिघडलं.

चिंचभवनकर

तुमचा ओव्हरफ्लो नाही, उलट टोकाचा आजार आहे. हे फंक्शन राउंड करत नाही, खालचे बिट नुसते तोडतं. तोडलं की प्रत्येक वेळी सरासरी अर्धा एलएसबी खाली जातो. तो अर्धा एलएसबी डीसी असतो, आणि `1/A` चा डीसी गेन तुमच्या ५ हर्ट्झच्या सेक्शनमध्ये सुमारे हजार आहे. म्हणजे आकडा पाचशेच्या आसपास खाली बसू शकतो, पूर्ण पातळीचा दीड टक्का. इनपुट आठने भागलात तेव्हा सिग्नल आठव्या भागावर आला आणि हा पाचशेचा खड्डा तेवढाच राहिला, म्हणून अजून बिघडलं. ट्रे स्थिर असला की तर हे सरासरीचं गणितही चालत नाही, फिल्टर कुठल्यातरी आकड्यावर अडकून बसतो.

पन्नास सॅम्पलचा सरासरी घेऊन आधी रेट २० वर आणा. मग तोच ५ हर्ट्झ रेटच्या चौथ्या भागावर येईल आणि `1/A` चा डीसी गेन हजारावरून एकाच्या आसपास उतरेल. किंवा q31 घ्या, पण त्यात ॲक्युम्युलेटर पलटतो, सॅच्युरेट होत नाही, म्हणून इनपुट पाव पातळीच्या आत ठेवायची अट आहे.

कळमना_काटा

रेट २० वर आणला तर लाइनवर संत्रं निघून जाईल ना सर. एका फळाला सेकंदाचा तिसरा हिस्सापण मिळत नाही.

चिंचभवनकर

मग ५ हर्ट्झचा फिल्टरच तुमच्या लाइनला संथ आहे. त्याला स्थिर व्हायलाच तेवढा वेळ लागतो. वेगळा धागा काढा, बेल्टचा वेग आणि ट्रेचं कंपन किती हर्ट्झचं आहे ते लिहा.

तेजस_परसोडी

सर, नवीन टेबल टाकलं. मोजलं असं: बोर्डवर शून्य इनपुट दिला आणि आउटपुटचा नॉइज बघितला. अगदी शून्य आला! पण जुन्या टेबललाही शून्यच येतो. मग हे मोजायचं कसं?

चिंचभवनकर

शून्य इनपुट आणि शून्य स्टेट असली की तोडायला काही उरतच नाही. आपलं गणित धरून चालतं की प्रत्येक चूक स्वतंत्र आणि विस्कळीत आहे. त्यासाठी सिग्नल हलता हवा.

पीसीवर फिल्टरची जुळी प्रत कर, डबल प्रिसिजनमध्ये. पण गुणांक तेच घे, म्हणजे 581/16384 वगैरे. मूळ दशांश घेतलेस तर फरकात गुणांकांची चूकही मिसळेल आणि ती सिग्नलबरोबर वाढेल-घटेल. दोघांना पाव पातळीचा यादृच्छिक नॉइज दे, आउटपुट वजा कर, फरकाची सरासरी आणि प्रमाण विचलन बघ. माझ्या हिशोबाने सरासरी उणे ४ च्या जवळ आणि विचलन १.३ यायला हवं. सायपायच्या टेबलला उणे २७ आणि ९. एवढ्यावरून लगेच कळेल. आणि इनपुट पूर्ण पातळीवर नेल्यावर फरकात एकदम मोठे सुळे दिसले तर ते सॅच्युरेशन, नॉइज नव्हे.

पहिल्या सेक्शनचा आउटपुट वेगळा बघायचा असेल तर `numStages` एक करून तेच कर. तिथे विचलन ०.८५ च्या आसपास.

तेजस_परसोडी

केलं. नव्या टेबलला सरासरी उणे चारच्या किंचित पुढे, विचलन १.३ ला टेकलेलं. जुन्याला विचलन नऊच्या आसपास. पहिल्या सेक्शनचंही जुळलं. फुल पातळीला सुळे आले, पण फक्त शेवटच्या आउटपुटवर.

अजून एक गोष्ट मात्र जुळत नाही. इनपुट खूप छोटा केला, पाच-सात एलएसबीचा साइन, तर फरक विस्कळीत राहत नाही. एका ठरावीक नमुन्यात फिरतो आणि कानाला बारीक सूर ऐकू येतो.

भाऊ_फर्मवेअर

तो लिमिट सायकल असन. डिदर टाक थोडा.

चिंचभवनकर

साइन चालू असताना असेल तर शुद्ध लिमिट सायकल म्हणणार नाही. चूक सिग्नलला चिकटली आहे, म्हणून हार्मोनिकसारखी ऐकू येते. डिदरने सूर मोडेल, पण तळाची खरखर थोडी वाढेल. दुसरा मार्ग म्हणजे तोडलेले १४ बिट फेकायचे नाहीत, पुढच्या सॅम्पलच्या ॲक्युम्युलेटरमध्ये मिळवायचे. मग चुकीला डीसीवर झिरो मिळतो आणि उणे चारचा बायसही जातो. पण त्यासाठी हे तयार फंक्शन सोडून स्वतः लूप लिहावा लागेल.

रसिका_ध

पण खऱ्या माईकचा स्वतःचाच नॉइज पाच-सात एलएसबीपेक्षा जास्त नाही का? तोच डिदरचं काम करेल.

तेजस_परसोडी

माईकचा तळ मोजला नाही अजून. चेस्टपीसला कापूस गुंडाळून बघतो, मग लिहितो. `fast_q15` मध्ये हा लूप आणखी हलका होईल का, कोणी वापरलंय?

भाऊ_फर्मवेअर

त्यात ॲक्युम्युलेटर बत्तीस बिटाचाच हाय, अन् इनपुट दोन बिट खाली आणाले सांगते. म्हंजे पुन्हा तिथंच.